पूल येईपर्यंत

"जागा सापडायला त्रास नाही ना झाला?" समुपदेशक बाईंनी विचारलं आणि मी मनातल्या मनात त्यांना दहापैकी सहा मार्क देऊन टाकले. हेच वाक्य एकतीस वर्षं मी समुपदेशक म्हणून समोरच्या खुर्चीतून वापरलंय.

हे जाऊन आठ महिने झाले होते. मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, रडलेही नव्हते. शेवटी लेकीने हात जोडले. "आई, एकदाच जा. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही." म्हणून मुद्दाम अनोळखी बाई शोधली. एकदा बसायचं, उठायचं, विषय संपला, असं ठरवूनच आले होते.

बाईंनी पाणी दिलं. खिडकीजवळ बसायचं की भिंतीजवळ, तेही मलाच विचारलं. माहितीचा फॉर्म बाजूला, मिटलेलाच. सात मार्क. पोरगी शिकलेली आहे, पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

"कशाने आलात?"

"बसने."

"म्हणजे पुलावरून. दुरुस्ती चाललीय ना तिथे? बस नुसती रखडते. माझा तर रोज डोळा लागतो. परवा दोन स्टॉप पुढे गेले, इथे यायला उशीर." त्या स्वतःवरच हसल्या. हे काही शिकवलेलं वाटलं नाही.

मलाही हसू आलं. "स्कूटरवर नाही लागत डोळा," मी बोलून गेले.

"स्कूटर?" एवढंच म्हणून त्या थांबल्या.

मग मी सुटलेच. हे रोज मला न्यायला यायचे. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून माझं डोकं भणभणलेलं असायचं. पण "काय झालं?" म्हणून यांनी कधी विचारलं नाही. शेजारच्या मांजरीने आज काय सांडलं, कुठला टायर पंक्चर झाला, शर्टाचं बटण कसं तुटलं, नुसती टकळी. मला वाटायचं, काय हा माणूस! पूल आला की मात्र स्कूटर हळू करायचे आणि गप्प व्हायचे. मग मी बोलायचे. कोणाचं नावगाव न सांगता, माझ्या मनावरचं तेवढं.

आणि मी? शिकाऊ मुलींना ऐटीत सांगायचे, "पहिली पाच मिनिटं साधं बोला. माणूस टेकला की मग गप्प बसा." कुठून शिकलात विचारलं, तर म्हणायचे, अनुभवातून.

बाई काही बोलल्या नाहीत. कागदी रुमालांचा डबा हाताशी होता, तोही त्यांनी पुढे सरकवला नाही.

"त्यांच्याकडून शिकले हो मी," मी म्हणाले. "आणि त्यांना एकदाही सांगितलं नाही."

मग आठ महिन्यांचं रडू फुटलं.