बारा किलोन्यूटनचं उत्तर

बारामतीच्या कॉलेजात चौकशी समितीसमोर सुप्रिया मान खाली घालून बसली होती. शेजारी बावड्याहून आलेली तिची आई, जयवंता.

"ऑनलाइन चाचणीत दहा-दहा जणांच्या गटाला वेगळे आकडे असतात," समितीचे गावडे सर म्हणाले. "तुझ्या प्रश्नात भार आठ किलोन्यूटन होता, उत्तर तू बारा किलोन्यूटन भाराचं लिहिलंस. रेकॉर्डिंगमध्ये तू सारखी मांडीकडं बघतेस. मोबाइलवर कुणी पाठवलं?"

"कुणी नाही, सर."

"या चाचणीला शून्य मिळणारच. पण नाव लपवलंस तर विषयातच नापास करायची शिफारस जाईल. बारा हा आकडा दहा जणांना होता. सगळ्यांना बोलवायला लावू नकोस."

खोलीवरच्या मुनिराचं नाव सुप्रिया घेणार नव्हती. लेकीला असं गुन्हेगारासारखं बसवलेलं जयवंताला मात्र सोसवेना.

"साहेब, माझी पोर चोर न्हाय वो. तिच्या खोलीवरची मुनिरा लई गुणाची हाय. सोताचा पेपर झाला, की दर येळी हिला सांगती. लई उपकार हायेत तिचे."

"आई!"

गावडे सर बाजूच्या मॅडमकडं वळले.

"मुनिराला वर्गातून बोलवा. देणाऱ्यालाही हाच नियम आहे. आणि या दोघींच्या वर्षभराच्या सगळ्या चाचण्यांची रेकॉर्डिंग काढा."

जयवंतानं सुप्रियाचे हात आपल्या हातात घेतले.

"बघ," ती हळूच म्हणाली, "खरं सांगितलं तर ऐकत्यात."

बाहेर मुनिराच्या नावाची हाक ऐकू आली.