शाईतला सोमवार

ही १९८४ सालची गोष्ट. तेव्हा ह्यांच्या हाताखाली एका वेळी दोनच इमारती चालायच्या आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता मी घरीच, जेवणाच्या टेबलावर मांडायचे. उभे सात दिवस, आडवी कामं. कोणत्या दिवशी सिमेंट, खडी, वाळू येणार, किती माणसं लागणार, तपासणीला कोण येणार, सगळं त्यात. नियम माझाच होता. नुसतं ठरलेलं पेन्सिलीनं लिहायचं आणि त्या माणसाने स्वतः हो म्हटलं की मगच वरून शाई फिरवायची. साईटवरचे मुकादम शाई बघून माणसं बोलवायचे. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

त्या आठवड्यात मंगळवारी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. मिक्सर, सिमेंट, तीस माणसांची टोळी, सगळं शाईत आलं होतं. सोमवारी चार वाजता इंजिनिअर साहेब सळई तपासायला येणार, एवढंच पेन्सिलीत होतं. त्यांना दोन दिवस आधी कळवावं लागे. तपासणीशिवाय माल टाकता येत नसे, कारण एकदा काँक्रीट पडलं की आतलं कुणालाच दिसत नाही.

शुक्रवारी त्यांच्या ऑफिसचा फोन लागेना. उद्या करू म्हणून मी बहिणीकडे गेले आणि विसरले. शनिवारी माझे दीर आले. तक्त्यावर बोट ठेवून हसले.

"काय वहिनी, ही पेन्सिल कशी राहिली? एवढं मिरवता, आणि खिंडार राहिलंच की!"

"राहिलं कुठं, भाऊजी?" मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच शाई फिरवली. मनात म्हटलं, सोमवारी सकाळी फोन केला की झालं.

सोमवारी कळलं, साहेब बाहेरगावी आहेत, बुधवारी येतील. तेव्हाही वेळ होती. टोळीला आणि मिक्सरवाल्याला एकेक निरोप दिला असता तर सगळं पुढे ढकलता आलं असतं. पण मग शाईचं काय झालं, हे ह्यांना सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. मुकादम संध्याकाळपर्यंत सळया पुशीत साहेबांची वाट बघत राहिले. उशीर झाला असेल, सकाळी येतील, असं ते ह्यांना म्हणाले.

मंगळवारी मीही साईटवर गेले. तीस माणसं घमेली घेऊन बसली होती. ह्यांनी तिथल्या फोनवरून साहेबांच्या ऑफिसात विचारलं आणि आवाज चढवला.

"त्यांना कुणी कळवलंच नव्हतं! अगं, तक्त्यात तर शाई आहे!"

माझ्या तोंडून सहज निघालं, "फोन लागत नव्हता, म्हणून मी मुकादमांना शुक्रवारी निरोप द्यायला सांगितलं होतं."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. मग तक्त्याकडे. मग पायातल्या चपलेकडे.

"माझ्याकडून राहिलं, शेठ," ते ह्यांना म्हणाले.

"मग आता काय, माणसं परत पाठवू? टाका माल! साहेबांना मी बघतो," हे म्हणाले.

"ते मात्र नाही," मुकादम म्हणाले. "न बघता झाकायचं नाही. मला काढा, पण स्लॅब टाकणार नाही."

टोळी परत गेली. बुधवारी परतलेले साहेब गुरुवारी साईटवर आले तेव्हा बाल्कनीच्या वरच्या सळया कामगारांच्या पायांनी खाली दबलेल्या निघाल्या. दोन तासांत उचलून बांधल्या. तशाच राहिल्या असत्या तर ती बाल्कनी कुणाच्या तरी डोक्यावर आली असती. तरीही शाळेच्या नव्या इमारतीचं काम, जे मुकादमांच्या हाती सोपवायचं ठरलं होतं, ते ह्यांनी दिरांच्या ओळखीच्या माणसाला दिलं. "निरोप विसरणाऱ्याच्या भरवशावर शाळा कशी सोडू?" म्हणाले. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

पुढच्या शनिवारी मुकादम तक्ता न्यायला आले.

"ताई, एक विचारू? यापुढं शाई दिसली तरी मी एकदा फोन करून बघत जाऊ का?"

चेष्टेच्याच सुरात म्हणाले. मी मान हलवली. ते माझ्यासाठी गप्प राहिले की आमच्या संसारासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्यांनी आमचं काम सोडलं आणि लहानसहान दुरुस्त्या घेऊ लागले. मोठी इमारत त्यांच्या वाट्याला पुन्हा आली नाही. दहा वर्षांपूर्वी ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "ते तुमच्या तक्त्याचं फार कौतुक करायचे." शाळेवरच्या माणसाने काम बरं केलं. दिरांनी धंदा बदलला, आता गुडघ्यांनी बेजार आहेत. इंजिनिअर साहेब मुलाकडे गेले, त्यांची पत्रं येत नाहीत.

हे शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "आमचा एक मुकादम होता, माणूस सोन्यासारखा, पण एकदा निरोप विसरला आणि तीस माणसं उन्हात बसवली." सगळे हसायचे. मी चहाचे कप गोळा करायचे.