चौसष्ट प्लॉटांचा क्रम

मुकुटबनच्या पुढे सागाचं जे जंगल लागतं, त्यात संगीतानं बावीस दिवस पायी घालवले होते. ती दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. जंगलात लाकूड किती आहे याचा अंदाज बांधायचं काम वनखात्यानं एका खासगी संस्थेला दिलं होतं आणि त्या संस्थेत ती नोकरीला होती. पहिला प्लॉट, म्हणजे मोजायचा जंगलाचा ठरावीक तुकडा, चिठ्ठी टाकून ठरवायचा, आणि तिथून नांगराच्या तासासारखं जात-येत दर दोनशे मीटरला पुढचा. असे चौसष्ट प्लॉट. प्रत्येकाच्या मधोमध लोखंडी खुंटी ठोकायची, झाडांवर रंगाचा पट्टा मारायचा, घेर मोजायचा. टेप धरायला तिच्याच तांड्यावरचे हिरासिंगकाका होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दिवसभर घेर पुकारून त्यांचा आवाज बसायचा, पण आकडा कधी चुकायचा नाही.

आकडे हाती आले तेव्हा सरासरी निघाली प्लॉटमागे सहा घनमीटर. पण त्या अंदाजातली त्रुटी आली पंधरा टक्के. खात्याची मर्यादा दहाची होती.

यवतमाळच्या कार्यालयात पुंडलिकरावांनी सगळ्या स्टाफसमोर तिला उभं केलं. ते संस्थेच्या या कार्यालयाचे प्रमुख. तीस वर्षं या धंद्यात मुरलेले.

"वाच," ते म्हणाले. "त्रुटी किती, मोठ्यानं वाच."

"पंधरा टक्के. पण सर, हे सूत्र इथे लागू पडत नाही."

"काहून नाही पडत? मॅन्युअलमध्ये हेच आहे."

"हे सूत्र असं धरून चालतं की चौसष्ट प्लॉट चिठ्ठ्या टाकून कुठूनही उचलले. आपण रांगेनं गेलो. गावाकडच्या कडेला विरळ झुडुपं आहेत, नाल्याकडे दाट साग. दोन्ही टोकांतला सगळा फरक हे सूत्र त्रुटीत धरतं. पण आपल्या रांगेनं दोन्ही टोकं सारखीच पकडली आहेत. शेजारच्या दोन प्लॉटांतले फरक घेतले तर..."

"बस," पुंडलिकराव म्हणाले. मग बाकीच्यांकडे वळले. "तांड्यावरच्या पोरीले जंगल मोजाले धाडलं की असं होते. झाडं मोजाले सांगतलं, ते मले गणित शिकवून राह्यली."

दोघं-तिघं हसले. संगीता खाली बसली. तिचे कान तापले होते, आणि त्या क्षणापासून तिला त्या माणसाचं वाटोळं झालेलं पाहायचं होतं. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. रात्री यवतमाळच्या भाड्याच्या खोलीवर जेवताना आईनं, याडीनं, विचारलं तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "काही नाही, काम जास्त आहे."

पुंडलिकरावांनी तिचा सर्व्हे बाजूला टाकला. स्वतः माणसं घेऊन गेले आणि आठ दिवसांत तेच चौसष्ट प्लॉट पुन्हा मोजून आले. सरासरी सहा पूर्णांक आठ, त्रुटी साडेआठ टक्के. मर्यादेच्या आत. मग त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा संगीताच्या टेबलावर आपटला.

"भरून टाक संगणकात. तेवढं तर जमते ना तुले?"

ती भरू लागली. सतराव्या प्लॉटला नऊ पूर्णांक चार, अठराव्याला दोन पूर्णांक एक, एकोणिसाव्याला परत आठ. तिचा हात थांबला. सतरा ते बावीस हे सगळे प्लॉट एकाच दाट सागात होते. तिथे तिला दुपारीही ऊन लागलं नव्हतं. अठरावा एकदम उघडा कसा?

सगळे आकडे भरून झाल्यावर तिनं हिशेब मांडला. आधी नेहमीचा: प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग, बेरीज, भागिले त्रेसष्ट. पुंडलिकरावांच्या आकड्यांचं विचरण, म्हणजे फैलावाचं माप, आलं पाच पूर्णांक तीन. मग दुसरा: प्रत्येक प्लॉट त्याच्या पुढच्यातून वजा करायचा. चौसष्ट प्लॉटांचे त्रेसष्ट फरक. त्यांचे वर्ग, बेरीज, आणि त्या बेरजेला एकशे सव्वीसनं, म्हणजे त्रेसष्टच्या दुपटीनं, भागायचं. आलं पाच पूर्णांक चार. जवळपास तेवढंच.

तिच्या स्वतःच्या आकड्यांत नेहमीच्या हिशेबानं विचरण तेरा येत होतं, आणि शेजारच्या फरकांवरून सव्वातीन. चौपटीचा फरक. खरं जंगल असंच असतं, दाट भागाशेजारी दाट, विरळाशेजारी विरळ. पुंडलिकरावांच्या जंगलात मात्र कुठलंही झाड कुठेही उगवलं होतं. ते आकडे कुणीतरी बसल्या जागी लिहिले होते. सरासरी जवळपास जपली, फैलाव बेतानं ठेवला, पण शेजार सांभाळायचं डोक्यात आलं नाही.

तिला हसू आलं. तिनं दार लोटून घेतलं आणि पुन्हा एकदा हिशेब तपासला.

मग तिनं फॉर्म उलटून पाहिले. प्रत्येक फॉर्मच्या खाली 'मोजणारा' म्हणून सही होती. हिरासिंग. वेड्यावाकड्या अक्षरात, चौसष्ट वेळा. पुंडलिकरावांनी आपलं नाव कुठेच घातलं नव्हतं.

काकांना फोन करावा, असं तिच्या मनात आलं. फोन हातात घेतलाही. पण काकांना सांगितलं तर ते घाबरून पुंडलिकरावांकडे जातील, आणि पुंडलिकराव फॉर्म बदलून टाकतील. तिनं फोन ठेवला. गठ्ठा जसा होता तसा बांधला, आणि अहवाल सादर व्हायच्या दिवसाची वाट पाहत तीन आठवडे गप्प बसली. पुंडलिकराव रोज टोमणे मारत. ती "हो सर" म्हणत राहिली. प्रत्येक टोमणा तिला बरा वाटू लागला होता.

अहवाल ऐकायला वनखात्याच्या विमलताई आल्या. जिल्ह्याच्या कार्य आयोजनेचं काम, म्हणजे कुठलं जंगल कधी आणि किती तोडायचं हे ठरवणं, त्यांच्याकडे होतं. चष्मा कपाळावर चढवून त्या प्रत्येक पान स्वतः वाचत. पुंडलिकरावांनी साडेआठ टक्क्यांची स्लाइड दाखवली आणि खाली बसताना संगीताकडे पाहिलं.

"मॅडम, मला पाच मिनिटं हवीत," संगीता म्हणाली.

"ही डाटा भरणारी पोरगी आहे," पुंडलिकराव म्हणाले.

"मग डाटा तिलाच जास्त माहीत असणार," विमलताई म्हणाल्या. "बोल."

संगीतानं पडद्यावर आपली यादी उघडली. "हा पहिला सर्व्हे. फेटाळलेला. नेहमीच्या हिशेबानं विचरण तेरा, शेजारच्या फरकांवरून सव्वातीन. आता मी हेच आकडे पत्त्यांसारखे पिसते." तिनं बटण दाबलं. "नेहमीचं विचरण तेरावरच राहिलं, कारण त्याला क्रमाशी काही घेणंदेणं नाही. फरकांवरचं बघा, साडेबारा झालं. पिसल्यामुळे शेजारी बदलले. पुन्हा जागेवर लावले की परत सव्वातीन."

विमलताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आता दुसरा सर्व्हे. तोच मार्ग, तेच प्लॉट. फरकांवरून पाच पूर्णांक चार. पिसते." बटण. "पाच पूर्णांक एक. पुन्हा पिसते. पाच पूर्णांक पाच. मॅडम, ही यादी पिसली काय आणि न पिसली काय, सारखीच. यात शेजार नावाची गोष्टच नाही. असं जंगल मी बावीस दिवसांत पाहिलं नाही."

पुंडलिकराव उठले. "हे काही पुरावा नाही. योगायोग असू शकते."

"पुरावा नाहीच," संगीता म्हणाली. "पुरावा जंगलात आहे. सहा प्लॉट निवडा आणि चला."

विमलताईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "आणि जंगलच दर दोनशे मीटरला चढ-उतार करत असेल तर? आपल्या टप्प्याबरोबर जुळलं, तर शेजारचे सगळे एकसारखे दिसतील आणि तुझी पद्धत आपल्याला फसवेल."

"फसवेल. रांगेच्या एकाच नमुन्यातून त्रुटी अगदी बिनचूक काढणारी पद्धत कुठलीच नाही. हाही अंदाजच आहे. पण ही रांग नाले ओलांडते ते कधी तीनशे, कधी साडेआठशे, कधी पाचशे मीटरच्या अंतरानं. नकाशा सोबत जोडला आहे. दोनशेशी काहीच जुळत नाही. आणि या पद्धतीनं पहिल्या सर्व्हेची त्रुटी साडेसात टक्के येते."

चार दिवसांनी ते जंगलात गेले. सहापैकी सहा जागी संगीताची खुंटी सापडली, झाडांवर तिच्या रंगाचा पट्टा होता. पुंडलिकरावांची खुंटी किंवा पट्टा एकाही जागी नव्हता. अठराव्या प्लॉटवर टेप फिरली तेव्हा नऊ घनमीटर निघाले. फॉर्मवर दोन पूर्णांक एक होतं. पुंडलिकराव सागाला टेकून उभे होते आणि रुमालानं मान पुसत होते. संगीता मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वाचा सर," ती म्हणाली. "फरक किती, मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं नाही. पण त्यांचा चेहरा तिनं नीट पाहून घेतला. एवढं गोड तिला कधीच काही लागलं नव्हतं.

महिन्याभरात पुंडलिकरावांना संस्थेतून काढलं. संगीताचा सर्व्हे मंजूर झाला, तिच्या नावासह. खात्याच्या मंजुरीच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती. खोट्या फॉर्मांवर सही करणारे हिरासिंग यांना यापुढे खात्याच्या कोणत्याही कामावर घेऊ नये.

ती ओळ तिनं तीनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी जीपनं तांड्यावर गेली. काका अंगणात कुंपणाचे बांबू बांधत होते. त्यांच्या बायकोनं, रुपीबाईकाकूंनी, पाणी आणून दिलं आणि तिच्याकडे न पाहता त्या आत गेल्या.

"काका, पत्र आलं?"

"आलं."

"तुम्ही सह्या काहून केल्या?"

"त्यायनं जंगलात नेलंच नाही बाई. दोन दिवस गेस्ट हाउसवर बसवलं, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. म्हणे, संगीताचंच काम पुरं करून राह्यलो, तिच्यासाठीच आहे." त्यांनी गाठ आवळली. "तू मले इचारलं असतं त मी सांगतलं असतं. मॅडमपुढंही सांगतलं असतं. मले कायचं भेव?"

ही गोष्ट संगीताच्या डोक्यात आलीच नव्हती. काकांनी नुसतं तोंड उघडलं असतं तरी पुंडलिकराव पडले असते, आणि काका साक्षीदार ठरले असते. पण मग ते पाडणं तिच्या एकटीचं राहिलं नसतं.

"मी सही पाहिली होती," ती म्हणाली. "मीटिंगच्या आधीच. तरी फोन केला नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण तिला ती नजर सहन झाली नाही.

"मग तुझं झालं ना मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. खोटं बोलता आलं नाही.

संध्याकाळी परतल्यावर तिनं विमलताईंना पत्र लिहिलं. कोऱ्या फॉर्मांची हकिगत लिहिली, काकांवरची बंदी उठवायची विनंती केली, आणि आपण त्या सह्या तीन आठवडे आधी पाहिल्या होत्या हेही लिहिलं. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. पुंडलिकरावांबद्दल मात्र तिनं एक शब्दही मागे घेतला नाही. तसं करावंसं तिला वाटलंही नाही.

उत्तर यायला अडीच महिने लागले. काकांवरची बंदी उठली होती. पुढच्या सर्व्हेला संगीतानं त्यांना निरोप धाडला, तेव्हा रुपीबाईकाकूंनी सांगून पाठवलं, येत नाहीत म्हणावं, तूर काढायची आहे.

टेप धरायला तिनं झरीचा एक माणूस घेतला. तो घेर पुकारताना आकडे गाळायचा, आणि तिला प्रत्येक झाड दोनदा मोजावं लागायचं.