पोटदुखी नावाचं खोटं

इस्पितळात तिला सगळे 'तोफ' म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. सव्वीस वर्षं अपघात विभागात काढलेल्या सिस्टरला लोक गुलाबपाणी म्हणणार नव्हतेच. त्या सकाळी दोन मोटारसायकलवाले एकमेकांवर आदळून आले होते. त्यांना टाके, सलाइन, त्यांच्या नातेवाइकांची भांडणं, हे सगळं निस्तरून ती दहाला दहा मिनिटं कमी असताना सोनोग्राफीच्या बोळातून कापूस आणायला निघाली, आणि तिथे थबकली.

बाकावर चौदाएक वर्षांचा पोरगा बसला होता. बसला कसला, एका कुल्ल्यावर टेकला होता, मांड्या फाकवून, घामानं डबडबलेला. हातात पाण्याची बाटली. शेजारी आई, ती दर दोन मिनिटांनी म्हणत होती, पी रे, अजून पी, नाहीतर नंबर जाईल. पोरानं दोन घोट घेतले आणि सगळं फरशीवर ओकलं.

तोफेनं आईला विचारलं, काय होतंय. आई म्हणाली, पोटात दुखतंय, पहाटे पाचला झोपेतून कळवळत उठला. बाप म्हणाला गॅस असेल, ओवा दिला. काका म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल. साडेआठला इथे आलो, नव्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पोटाची सोनोग्राफी लिहिली. आता लघवी दाटल्याशिवाय सोनोग्राफी होत नाही म्हणून एक तास पाणी पाजतेय.

हा नियम दारावरच लिहिलेला होता, आणि तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. चिठ्ठीत 'पोट' लिहिलं की सोनोग्राफीवाले बाटली हातात देत. पोटच का, हे कुणी विचारायचं नाही, असा जणू इस्पितळाचा धर्म होता.

पोट दुखणारा माणूस वाकून चालतो. हा पोरगा उठून दोन पावलं चालला तो मांड्या लांब ठेवून, घोड्यावरून उतरल्यासारखा. तोफेनं आईला सांगितलं, ताई, खिडकीवर जाऊन केसपेपरवर शिक्का मारून आणा. शिक्क्याची गरज नव्हती. आई गेल्यावर तिनं पोराला पडद्याआड घेतलं आणि सरळ विचारलं, "पोट दुखतंय की त्याच्या खाली?"

पोरगा भिंतीकडे बघत म्हणाला, "पोटातपण दुखतंय."

"मी लाजायचं वय कधीच मागे टाकलंय, तू पण आज एक दिवस टाक. गोटी दुखते का?"

त्यानं मान हलवली आणि रडायला लागला. डावी, म्हणाला. पहाटेपासून. सुजलीये. आईला कसं सांगणार? डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आई पलंगाशी उभी होती.

तोफ पडद्याबाहेर आली ती अशी की वॉर्डबॉय आपोआप बाजूला झाला. नवा डॉक्टर टेबलाशी चहा पीत होता. चांगला मुलगा, मार्क भरपूर, पण पेशंटची चड्डी उतरवायची त्याला लाज. तिनं त्याला विचारलं, नाभीच्या खाली शरीर असतं का रे बाबा? तो गोंधळून म्हणाला, मुलगा पोटच म्हणाला होता. आईसमोर कसं... तोफ म्हणाली, आईला बाहेर काढता येतं, दार आहे त्यासाठी. मग तिनं सर्जनला फोन लावला.

सर्जन दोन मजले उतरून आला. लुकडा माणूस, बोलायला कंजूष. डावी गोटी वर ओढली गेली होती, आडवी झाली होती, हात लावू देत नव्हती. त्यानं पोराच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, तर उजवी गोटी टुणकन वर उचलली गेली, निरोगी असली की ती तशीच उचलली जाते. डावीकडे तेच केलं, तर काही हललं नाही.

"पीळ बसलाय," तो म्हणाला.

नवा डॉक्टर म्हणाला, निदान रक्त वाहतंय का ते डॉपलर मशीनवर बघून घेऊ, खात्री होईल. सर्जननं त्याच्याकडे असं पाहिलं की तोफेला बरं वाटलं. त्या मशीनच्या दारात अकरा माणसं बाटल्या घेऊन बसली आहेत, तो म्हणाला. शंका असती तर केलं असतं. शंका नाही. आत जाऊन डोळ्यांनी बघू.

आई शिक्का घेऊन आली तेव्हा तोफेनं तिला खुर्चीत बसवलं. गोटी ज्या दोरीवर लोंबते ना, ती म्हणाली, त्या दोरीतूनच तिला रक्त जातं. दोरीला पीळ बसला की रक्त बंद, बागेतली नळी मुरगळली की पाणी थांबतं तसं. सहा तासांच्या आत सोडवली तर बहुतेक वेळा वाचते. पुढे दर तासाला आशा कमी. चोवीस तासांनंतर बहुधा काढूनच टाकावी लागते. पाचला सुरू झालंय, सव्वादहा झालेत. इथे सही करा.

आईचा हात कागदावर थांबला. "ह्यांना विचारते. त्यांना कामावरून यायला तास लागेल. त्यांचे मोठे भाऊपण म्हणत होते, आधी घरचं काही..."

"ताई, ह्याच्या वेळी कळा आल्या तेव्हा कुणाच्या भावाला विचारलं होतं?"

आईनं सही केली, इतक्या जोरात की कागदाला भोक पडलं. फोनवर नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, ऑपरेशनला नेतायत, तुम्ही या.

वरती ऑपरेशनच्या खोलीत भूलवाल्या मॅडमनी विचारलं, शेवटचं कधी काही पोटात गेलं? तोफ म्हणाली, पाणी, आत्ताच, लिटरभर, आपल्याच इस्पितळाच्या कृपेनं. मॅडमनी डोळे मिटले. भरल्या पोटी भूल दिली की उलटी फुप्फुसात जायची भीती. पण ह्या केसमध्ये सहा तास उपाशी ठेवण्याइतका वेळ कुणाकडे होता? त्यांनी सक्शनची नळी हाताशी घेतली, झटपट भूल देऊन श्वासनळीत नळी घातली, आणि सगळा वेळ सोनोग्राफीवाल्यांचा उद्धार केला. दहा पन्नासला चीर पडली.

तोफेचं तिथे काम नव्हतं, तरी ती दारात उभी राहिली. गोटीची पिशवी उघडल्यावर दिसलं ते पिकल्या जांभळासारखं. दोरीला दीड वेढा. सर्जननं तो उलटा सोडवला, गोटी कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळली आणि हात बांधून उभा राहिला. पाच मिनिटं, काही नाही. दहा मिनिटं. तोफ मनातल्या मनात ओव्यापासून काकांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होती. पंधराव्या मिनिटाला गॉज बाजूला केलं, तेव्हा जांभळ्यातून गुलाबी फुटत होतं.

"राहील," सर्जन म्हणाला, आणि टाके घालून ती जागच्या जागी बांधली. मग उजवी बाजूही उघडून तशीच बांधली. ज्याची एक फिरते, त्याची दुसरीही फिरू शकते.

दुपारी बाप आला. हात जोडून म्हणाला, नशीब चांगलं पोराचं. तोफ म्हणाली, नशीब नाही, चाल. तो कसा चालत होता ते बघितलं असतंत तर पहाटे साडेपाचलाच आला असतात. बापाला कळलं की नाही, तिला कळलं नाही.

संध्याकाळी ड्यूटी संपताना ती पोराकडे गेली. शुद्धीवर होता, सुस्त होता. म्हणाला, "शाळेत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून सांगणार आहे."

तोफेनं पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

"तुझ्या वर्गात पोरं किती?"

"एकवीस."

"त्यातल्या एखाद्याला उद्या पहाटे असंच दुखलं, तर तो काय सांगेल?"

पोरगा छताकडे बघत म्हणाला, "पोट."

"आणि त्याला बाटली कोण देईल?"

पोरगा हसला, टाके दुखले म्हणून लगेच थांबला. "एकालाच सांगीन," तो म्हणाला. "तो सगळ्यांना सांगतो."

"चालेल," तोफ म्हणाली आणि पिशवी उचलली. जाताना सोनोग्राफीच्या दारावरून गेली. बाकावर अजून पाच माणसं बाटल्या घेऊन बसली होती. तिनं एकेकाला उठवून, चालवून बघितलं, आणि मगच घरी गेली.