दारातला वजनकाटा

सासूबाईंनी तीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे काढली होती. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ कधीच बंद पडलं, सवय मात्र चालूच राहिली. घरात येईल ते आधी वजनकाट्यावर, मग आत. काटा दाराशी चपलांच्या कपाटावर कायम मांडलेला. त्यावर भाजी चढायची, इस्त्रीचे कपडे चढायचे, आणि गेले चार महिने रोज सकाळी ढब्बूही चढायचा.

"अहो आई, बाळ आहे ते, रजिस्टर पार्सल नाही," सूनबाई म्हणायची.

"पार्सल बरं. ते लाथा मारत नाही."

त्या बुधवारी खोकं आलं तेव्हाही तेच झालं. सूनबाईने दूध काढायचा पंप मागवला होता, विजेवर चालणारा. बारा दिवसांनी, सोमवारी, ती बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा कामावर रुजू होणार होती. पंप असला तर ढब्बूला दिवसभर आईचं दूध, नसला तर पावडरीचं. पावडरीचं दूध तोंडात घेतलं की ढब्बू ते सगळ्या घरावर फवारायचा. म्हणून बाळासाठी साठवलेल्या पैशांतून तिने चांगल्यातला पंप घेतला होता. दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

सासूबाईंनी खोकं काट्यावर ठेवलं. पार्सलवाला हसला. "आजी, आत सोनं असतं तर मीच पळालो नसतो का?" पोच म्हणून त्याने मोबाइलवर खोक्याचा फोटो काढला, ते होतं तिथेच, काट्यावर.

"चारशे दहा ग्रॅम," सासूबाई पुटपुटल्या. "पंप म्हणजे फारच हलका गं."

सूनबाईने ऐकलं, पण कानाआड केलं. खोकं उघडलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन गुलाबी साबणदाण्या.

खरं तर घाबरायचं कारण नव्हतं. सूनबाई स्वतः एका दुसऱ्या ऑनलाइन बाजाराच्या मदत केंद्रात तीन वर्षं फोन उचलत होती. तिने ॲपवर लगेच तक्रार नोंदवली, फोटो जोडले. दुपारी विक्रेत्याचा फोन आला. आवाज मधाळ होता.

"ताई, चूक आमचीच. पण तक्रार असली की माझं खातं गोठतं बघा. तेवढी मागे घ्या, दहा मिनिटांत पैसे थेट तुमच्या खात्यात."

ढब्बू खांद्यावर किंचाळत होता, कुकरच्या शिट्या चालू होत्या. असं कधी करू नका, हे तिने शेकडो लोकांना समजावलं होतं. तरी तिने बटण दाबलं.

दहा मिनिटं झाली, तास झाला. फोन बंद. संध्याकाळपर्यंत विक्रेत्याचं दुकानही ॲपवरून गायब.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती डोकं धरून बसली.

"रडायचं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "हरवलेलं पार्सल रडून सापडत नाही, मागावर राहावं लागतं."

गुरुवारी सकाळी तिने त्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे पोरसवदा आवाज.

"मॅडम, तक्रार तुम्हीच मागे घेतलीय. आणि आम्ही केवळ मंच आहोत. मालासाठी विक्रेत्याशी..."

"...थेट संपर्क साधावा, जबाबदारी सर्वस्वी विक्रेत्याची राहील," तिने वाक्य पुरं केलं.

"मॅडम, तुम्हाला कसं माहीत?"

"मीही हेच म्हणते बाळा. पगार घेऊन."

तो हसला, मग खोकून गंभीर झाला. तिला त्याची दयाच आली. ते वाक्य अगदीच खोटं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. बाजाराने नुसता गाळा भाड्याने दिला असेल, तर सडक्या मालाबद्दल आधी गाळेवाल्याला धरतात. पण बाजार स्वतःच माल ठेवायला, तपासायला, पोचवायला लागला, की त्याला नुसतं गाळ्याचा मालक म्हणून हात झटकता येत नाहीत.

"ऑर्डर उघड," ती म्हणाली. "नावाखाली काय लिहिलंय?"

"'आमच्या गोदामातून. आम्ही तपासलेला माल.'"

"मग गोदाम कुणाचं? आणि या विक्रेत्याचं खरं नाव, पत्ता तुमच्याकडे असायलाच हवा. दे मला."

की-बोर्डची टकटक. "मॅडम... पत्ता दिसत नाहीये. खातं बंद आहे."

"म्हणजे मी कुणाशी थेट संपर्क साधू?"

"पण मॅडम, वरचे म्हणतील, खोकं उघडल्यावर तुम्हीच माल बदलला असेल. गोदामातून पंप गेलाच नाही हे कशावरून?"

खोकं तर तिने फाडून टाकलं होतं. मागे सासूबाई ढब्बूला अंगडं घालत होत्या. फोन स्पीकरवर होता.

"चारशे दहा ग्रॅम," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फोटो बघायला सांग त्याला. त्यांच्याच माणसाने काढलाय."

सूनबाईने आपल्या ॲपवर ऑर्डर उघडली, पोच दाबली. फोटो होता. चिकटपट्टी शाबूत असलेलं खोकं, खाली काटा, काट्यावर लाल आकडे: ४१०. आणि पंपाच्या जाहिरातीत लिहिलेलं वजन दीड किलो.

"अरे, तुझ्या स्क्रीनवर पोचेचा फोटो आहे ना? तो मोठा करून बघ."

पलीकडे माउसची टिकटिक झाली. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पार्सल वजन करून घेता?"

"माझ्या सासूबाई घेतात."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

त्याच्या हातात तेवढंच होतं. पुढचं तिने स्वतः केलं. परत करायची मुदत दहा दिवसांची होती, म्हणून 'चुकीचा माल' या नावाखाली नवी तक्रार नोंदवली. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवलं: फोटो, दोन्ही वजनं, विक्रेत्याच्या फोनची वेळ, आणि पहिली तक्रार फसवून मागे घ्यायला लावली हे स्पष्ट. खाली एक ओळ घातली, की पैसे न मिळाल्यास कार्डाच्या बँकेकडे व्यवहाराला हरकत घेईन. बँक आधी विचारते, ज्यांनी पैसे घेतले त्यांना लेखी कळवलंत का? हा कागद तिथेही चालला असता.

"भाषा किती कडक," सासूबाई चष्म्यातून वाचत म्हणाल्या. "'कृपया' तरी घाल."

"दोनदा घातलंय."

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. पैसे पूर्ण परत, मूळ कार्डावर, पाच ते सात कामाच्या दिवसांत. लगेच हवे असतील तर ॲपच्या पाकिटात जमा करू, असंही लिहिलं होतं. तिथे आले तर खर्चही तिथेच करावे लागले असते. तिने कार्डच निवडलं आणि ती बोटं मोजत बसली. पुढच्या शुक्रवारी पैसे आले. शनिवारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पंप आला, दुकानदारासमोर उघडून, चालवून. तरी दाराशी सासूबाई उभ्या होत्याच.

"आण इकडे. एक किलो चारशे ऐंशी. हं, आता आत ये."

सोमवारी सूनबाई कामावर गेली. मधल्या सुटीत तिने मागच्या लहान खोलीत कडी लावून दूध काढलं, बाटली फ्रीजमध्ये ठेवली, कानावर हेडफोन चढवला. पहिलाच फोन. एका आजोबांनी रेडिओ मागवला होता, खोक्यातून विटेचा तुकडा निघाला होता.

समोर स्क्रीनवर तेच ठरलेलं वाक्य उभं होतं. तिने ते बाजूला सारलं.

"आजोबा, घाबरू नका. तक्रार कुणीही सांगितलं तरी मागे घेऊ नका. आणि मला सांगा, पोचेचा फोटो उघडता येतो का तुम्हाला?"