गायत्रीच्या मागं बसलेला हर्षल

शनिवार होता. सौंसरच्या बसस्टँडवर जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांची झुंबड उडाली होती. ऑटो खच्चून भरून निघत होते. बाइकवरून भाविक नेणारी गायत्री एक फेरी आटोपून आली, तर समोर हर्षल उभा.

वर्षभरापूर्वी तिनं हे काम धरलं, तेव्हा स्टँडवरच्या बाइकवाल्यांचा पुढारी तोच होता. गिऱ्हाईक तिच्याकडं वळलं की ओरडायचा, "बाईच्या मागं बसता का? पोचाल तरी का?" एकदा त्यानं तिच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती. गाडी ढकलत नेताना मागून ऐकू आलेलं हसू तिच्या कानात अजून होतं.

"गायत्रीताई, जामसांवलीले सोडून दे ना," तो हळूच म्हणाला. "माझ्या गाडीचं इंजिन बसलं. बहिणीच्या सासरकडचे नागपूरहून दर्शनाले आले आहेत, तिथं वाट पाहून राहिले."

"जोरात सांग. ऐकू नाही आलं."

पानठेल्यावरची माणसं वळली. हर्षलनं पुन्हा सांगितलं.

"साठ रुपये. फक्त जायचे."

"मले साठ? आपल्याच धंद्यातल्याले?"

"सगळ्यांले साठ. तुझ्याकडून कमी घेऊ कायले?"

"बरं. बायपासनं घे मग."

"बाजारातूनच जाईन. पटत नसंल तर ऑटो पाह."

तिनं मागचं हेल्मेट पुढं केलं. गुलाबी, बायकांसाठी ठेवलेलं.

"राहू दे, मले नको."

"बिनहेल्मेट मी कोणाले बसवत नाही."

त्यानं ते डोक्यावर चढवलं. पट्टा त्याला लागेना, म्हणून तिनंच हनुवटीखाली आवळला, थोडा जास्तच. मग भर बाजारातून तिनं गाडी हळूहळू नेली. दुकानांतून ओळखीचे लोक हाका मारत होते, "हर्षल! अबे कुठं चालला?" तो मान खाली घालून बसला होता. गायत्रीला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

जामसांवलीला मंदिराजवळ बहिणीचे सासरे आणि त्यांची म्हातारी बहीण अंबाबाई उभे होते. हर्षलनं साठ रुपये दिले आणि म्हणाला, "थांब, यांले घेऊन वापस घरी जायचं आहे. यांच्यासाठी ऑटो पाहतो, मग तू मले ने."

"फक्त इथवर सोडायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं, पण..."

अंबाबाई मध्येच पुढं आल्या. "पोरी, सौंसरले चालली का? दर्शनाच्या रांगेत उभं राहून माझे गुडघे गेले. मले ने."

"साठ रुपये, मावशी. हेल्मेट घालावं लागंल."

"घालतो ना बाप्पा."

हर्षलनं हेल्मेट काढून दिलं. त्याचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. गायत्रीनं म्हातारीला नीट बसवलं आणि गाडी वळवली. मागं हर्षल सासऱ्यांसोबत ऑटोच्या लांब रांगेत उन्हात उभा राहिला. तिला दया आली नाही.

"हा पोरगा तुझ्या ओळखीचा आहे का?" अंबाबाईंनी मागून विचारलं.

"आहे ना," गायत्री म्हणाली. "चांगल्या ओळखीचा."