तीन की आठ?

ताईंना त्या लेबलची शिसारी आली होती ती पहिल्याच दिवशी. तपासणी प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली बाई. रुग्णांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे, तुकड्यांचे पापुद्रे काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि डॉक्टरीणबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचे, हे तिचं काम. काच बोटभर, लेबल नखाएवढं. त्या नखावर नव्या मॅनेजरने कंपनीचं बोधचिन्ह बसवलं. निम्मी जागा त्यानेच खाल्ली, आणि नंबरासाठी उरली सांदीकोपऱ्यातली पट्टी.

मॅनेजरला सगळे इस्त्रीवाले म्हणत, कारण त्याच्या शर्टावर पडायला सुरकुतीही घाबरायची. त्याने निवडलेला फॉन्टही तसाच, उंच, सडपातळ, नखरेल.

"साहेब, तीन आणि आठ सारखे दिसतात," ताईंनी तेव्हाच सांगितलं होतं. लेबलवर आकडे इंग्रजी असत, त्यामुळे घोळ ठरलेलाच. "आपल्या प्रिंटरचे ठिपके मिलिमीटरला आठ. हा आकडा उंचीला दहा ठिपके, रुंदीला जेमतेम चार. रेघ एका ठिपक्याची, मधली फट दोन ठिपक्यांची. उष्णता वाढवली की शाई पसरते, आठाची भोकं बुजतात आणि तिनाची तोंडं मिटतात."

"मला तर दिसतंय की! तुम्ही एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

वर हुकूम असा, की काचेच्या टोकावर पेन्सिलने लिहिलेला नंबर लेबलखाली झाकायचा, हाताचं अक्षर गबाळं दिसतं. ताईंनी आणखी एकदा तक्रार केली, एकदा आदळआपट केली, आणि मग चक्क लेबलं लावत सुटल्या. रोज दीडशे काचा. कोण किती वेळ डोळे फाडून बघणार? ट्रेमधल्या ओळीवरून अंदाज बांधायचा आणि लेबल चिकटवायचं, अशी सवयच लागली.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई काच घेऊन स्वतःच आल्या. चेहरा उतरलेला.

"ताई, ही 6838 ना? आज हिचं ऑपरेशन आहे, अकराला. स्तन काढणार आहेत. सर्जनांनी जाता जाता पुन्हा बघायला सांगितलं म्हणून काढली. वहीत लिहिलंय तीन बारीक तुकडे, आणि काचेवर आहे एकच लांबडा."

अकरा वाजायला वीस मिनिटं होती. ताईंनी चिमट्याने लेबलचा कोपरा उचलला. डिंक चिवट, नखं दुखली. खाली पेन्सिलचा नंबर स्वच्छ होता, 6833.

त्यांनी 6833 लेबलची दुसरी काच शोधली, तिच्यावरचं लेबल सोललं. खाली 6838. काचेवर तीन बारीक तुकडे. दोन्ही लेबलं त्यांनीच लावली होती.

इस्त्रीवाल्याचा तिरस्कार तर होताच, पण आता स्वतःच्या बोटांचाही वीट आला. आपल्याला ठाऊक होतं, हाच त्यातला सगळ्यात घाणेरडा भाग, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी तीन तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मान हलवली. काही नाही, साधी गाठ. त्यांनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला आणि ओरडल्याच, "थांबवा! भूल देऊ नका!" बाईला टेबलवर घेणारच होते, तेवढ्यात ऑपरेशन थांबलं.

तेवढ्यात इस्त्रीवाले आले. सोललेली लेबलं बघून म्हणाले, "अहो, ऑपरेशन थांबलं ना? मग झालं. आता बाहेर लेबलचं बोलू नका. पुन्हा तपासणी केली म्हणा."

ताईंनी प्रिंटरच्या पडद्यावर बोधचिन्ह पुसलं, साधा, जाड, मोकळा फॉन्ट घेतला, नंबराचा आकार दुप्पट केला आणि एक लेबल काढून इस्त्रीवाल्यांच्या शर्टाच्या पांढऱ्या खिशावर चिकटवलं. "वाचा. लांबूनही वाचता येतं. एवढंच हवं होतं, चार महिने."

पण 6833 नंबरची बाई होतीच, आणि कॅन्सर खरं तर तिला होता. तिचा रिपोर्ट नऊ दिवसांपूर्वी गेला होता, काळजीचं काही नाही म्हणून. डॉक्टरीणबाई फोन उचलणार, तोच ताईंनी हात पुढे केला. "मी बोलते. लेबल माझ्या हातचं आहे."

पलीकडून एका वयस्कर बाईंचा प्रसन्न आवाज आला. ताईंनी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या रिपोर्टात चूक झाली आहे. आमची चूक आहे. तुम्हाला आजच यावं लागेल."

"छे हो, तुमचा काही तरी घोळ होतोय," बाई हसल्या. "माझा कागद समोर भिंतीला लावलाय मी. केवढ्या मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलंय तुम्ही, काही नाही म्हणून. मला चष्म्याशिवाय वाचता येतं."